तिळगूळ आणू नका

निम्म्या डोंबिवलीचं तोंड संक्रांतीला माझ्या हातच्या लाडवाने गोड होतं, आणि माझ्या हातावर कुणी एक लाडू ठेवत नाही. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका संक्रांतीला दारात येतात, "तिळगूळ घ्या, गोड बो..." म्हणत डबा उघडतात, आणि मग मी आहे हे बघून हसत डबा मिटतात. "अय्या काकू, तुम्हाला काय द्यायचं? तुमचेच तर आहेत!" मीही हसते. एकोणीस वर्षं हसतेय. आता मात्र त्या हसण्याचा सुद्धा कंटाळा आलाय.

यांच्या कंपनीत, म्हणजे एमआयडीसीतल्या केमिकलच्या युनिटमध्ये, यांना खोकल्याने धरलं आणि नोकरी सुटली, तेव्हा मी हे सुरू केलं. डिसेंबर उजाडला की घरात तीळच तीळ. चपलेत तीळ, अंथरुणात तीळ. मानपाड्याची बायजा मदतीला येते. ती मूळची तिथलीच, गावातली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण कामाला वाघीण आणि तोंडाला तर विचारूच नका.

लोकांना वाटतं तिळाचा लाडू म्हणजे काय मोठंसं. तीळ निवडायचे, चाळायचे, मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. एक मिनिट जास्त झालं की कडू. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, जाडसर कूट करायचं, पीठ नाही. सुकं खोबरं किसून परतायचं. वेलची, जायफळ. इथवर कुणीही करेल. खरी परीक्षा पाकाची. चिकीचा गूळ चिरून चमचाभर तुपावर टाकायचा आणि बाजूला वाटीत गार पाणी घेऊन उभं राहायचं. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा. पसरला तर कच्चा. बोटांत धरून मऊ गोळी झाली की गॅस बंद. त्याच्या पुढे गेलात, गोळी वाटीवर टणकन वाजली, की ती वडीची, लाडवाची नाही. मग सगळं ओतून, ढवळून, गरम असतानाच वळायचं. हात पोळतो म्हणून थांबलात तर कढई गार होते आणि लाडू वळतच नाही. बायजाच्या आणि माझ्या तळव्यांना आता काही कळत नाही म्हणा. आधारच्या मशीनवर माझा अंगठाच उमटत नाही.

तर यंदा भोगीच्या दोन दिवस आधी, कढईत पाक उकळतोय, मी वाटी धरून उभी, आणि फोन वाजला. बायजाने कोपराने सरकवून बघितला.

"सून हाय तुझी," ती म्हणाली.

"सुदेशचा असेल."

"कल्पिता लिवलंय. मला वाचता येतं गं बाई."

चार वर्षांत तिच्या नंबरावरून मला फोन आला नव्हता. मुलगा करायचा, दर रविवारी, बाप कसा आहे विचारायला. मी हात पुसून उचलला.

"आई, मी बोलतेय," कल्पिता म्हणाली. "रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. सान्वीचं बोरन्हाण पण करतेय. तुम्ही या."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि आई," ती जरा थांबली, "तिळगूळ आणू नका."

फोन ठेवला तोवर पाक पुढे गेला होता. थेंब टाकला तर वाटीवर टण्ण. सगळी कढई वाया.

"काय म्हनली?" बायजाने विचारलं.

"तिळगूळ आणू नका म्हणाली. मला! मला सांगतेय तिळगूळ आणू नका!"

बायजा काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजायचं, चूक आपली आहे. आणि होतीच. आता सांगते.

चार वर्षांपूर्वी कल्पिताची पहिली संक्रांत. मी हौसेने सगळं केलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू. काळी चंद्रकळा घेतली. हलव्याचे दागिने स्वतः केले. तिळावर चमचा चमचा पाक सोडत, बोटांनी हलवत, थंडीच्या पहाटे तीन दिवस परातीसमोर बसले तेव्हा कुठे काटा आला. मंगळसूत्र, तन्मणी, बिंदी, बाजूबंद, सगळं. पोरगी त्यात बसली तर नजर हटेना. पण त्या पोरीनेही हौसेने काहीतरी केलं होतं. मी ऑर्डरी द्यायला बाहेर गेलेले असताना तिने तिच्या हाताने लाडू केले होते. सासरची पहिली संक्रांत, आपल्या हातचं वाटावं, एवढंच. बायका जमल्या, तिने ताट आणलं, मी एक उचलला, चावला. दगड. आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अगं बाई, हे वाटू नको. कुणाचा दात पडला तर माझ्या ऑर्डरी बुडतील!" बायका हसल्या. मी ताट तिच्या हातातून घेतलं, आत ओट्यावर नेऊन ठेवलं आणि माझ्या डब्यातले लाडू भरून आणले.

ती उरलेली संध्याकाळ हळदीकुंकू लावत होती, अत्तर लावत होती, वाण देत होती. तिळगूळ मात्र तिने कुणालाच दिला नाही. तो मी दिला. गोड बोला, गोड बोला, असं पंचवीस बायकांना म्हटलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी दोघं आंबिवलीला राहायला गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सुदेश म्हणाला, तिला तिथून ऑफिस जवळ पडतं. ऑफिस ठाण्याला! आंबिवलीहून ठाणं जवळ म्हणे. मी काय वेडी आहे?

दर संक्रांतीला मी सुदेशच्या हाती लाडवांचा डबा द्यायचे. स्टीलचा, कडीचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. आठ दिवसांनी डबा परत यायचा. स्वच्छ घासलेला, पुसलेला आणि रिकामा. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तीन वर्षं तीन रिकामे डबे आले, आणि मी ते फळीवर ठेवत गेले.

सान्वीचं पहिलं बोरन्हाण केलं तेव्हा सुदेशने फोन केला होता. "आई, ये." मी म्हटलं, "घरच्या बाईने बोलवायला हवं. आणि माझ्या ऑर्डरी आहेत." गेले नाही. नातीच्या अंगावरून पहिली बोरं घरंगळली तेव्हा तिची आजी मानपाड्याच्या रोडवर लाडवांचे बॉक्स मोजत होती. चूक म्हणा, माज म्हणा. मला तरी आता दमल्यासारखं झालंय त्या माजाने.

भोगी आली. बाजरीची भाकरी तीळ लावून, पावटे-वांगी-गाजर-हरभऱ्याची भाजी, ती देखील उभ्या उभ्या खाल्ली. संक्रांतीच्या सकाळी सुगडं पुजली. मातीच्या त्या पाच लहानशा मडक्यांत ऊस, बोरं, गाजराचे तुकडे, हरभरे, गव्हाचे दाणे आणि तीळ भरले, हळदीकुंकू लावलं. शेतात जे नवं आलंय ते आधी देवाला आणि मग दुसऱ्या बाईला, इतकं साधं आहे ते. सासूबाई सांगायच्या, थंडीत अंग फुटतं, हाडं कुरकुरतात, तिळात तेल असतं आणि गुळात ऊब, म्हणून ते पोटात जायला हवं. आणि आपल्या घरात खाऊन भागत नाही, दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं. ज्याच्याशी वर्षभर काही बिनसलं असेल त्याच्या हातावर आधी. लाडू घेतला की समोरच्याला तोंड उघडावंच लागतं. निदान "थँक्यू" तरी म्हणावं लागतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे बायका आल्या आणि माझ्यासमोर डबे मिटून गेल्या. यांना तेवढा एकेक दिला सगळ्यांनी. हे चघळत म्हणाले, "तुझाच आहे गं."

"माहितीये," मी म्हटलं.

रविवारी यांना घेऊन जाणं शक्यच नव्हतं. थंडीने खोकला वाढला होता. मी एकटी निघाले. बायजा दारात बसली होती, हात तिळाच्या पाटीत.

"पिशवीत काय?" तिने विचारलं.

"सान्वीला फ्रॉक. बोरं आणि कुरमुरे. हलवा."

"आन् तो डबा?"

मी पिशवीचं तोंड आवळलं. कडीच्या डब्यात दोन किलो लाडू होते. नातीच्या बोरन्हाणाला लाडवाशिवाय जायचं? लोक काय म्हणतील? आणि मला हात हलवत जाताच येत नाही, मी काय करू? असं मी मनातल्या मनात कल्याणपर्यंत बसमध्ये बोलत होते. पुढे रिक्षात सुद्धा तेच. खरं कारण मला माहीत होतं. तिचे लाडू बिघडले तर माझ्याकडे असावेत.

दार कल्पितानेच उघडलं. काळी साडी, केस घाईत वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. आठवडाभर नोकरी आणि रविवारी हे सगळं. दमली होती पोरगी. तिची नजर सरळ माझ्या पिशवीवर गेली आणि तिथे जराशी थांबली.

"या आई," ती म्हणाली.

मी पिशवी चपलांच्या रॅकमागे ठेवली आणि वरचं सामान तेवढं काढून घेतलं.

सान्वी पाटावर बसली होती. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट. बाजारचा होता, काटे बोथट. मी काही म्हटलं नाही. औक्षण झालं. मग कल्पिताने वाटीत बोरं, कुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, हलवा आणि चॉकलेटं घेतली आणि वाटी माझ्या हातात दिली. "आधी आजी." मी सान्वीच्या डोक्यावरून ओतलं. ती आधी दचकली, मग खिदळली. आजूबाजूची पोरं तुटून पडली. एक बोर तिने उचललं आणि माझ्या तोंडाशी धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायला जागा नव्हती.

पोरं खाली खेळायला गेली आणि बायका यायला लागल्या. शेजारपाजारच्या, ऑफिसातल्या दोघी, सुदेशच्या मित्राची बायको निशिगंधा. मी भिंतीकडे खुर्चीत बसले. कल्पिता एकेकीला हळदीकुंकू लावत होती, मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटीत गहू-बोरं. वाण म्हणून कापडी पिशव्या ठेवल्या होत्या, शिवलेल्या. छान होत्या. आणि शेवटी ती आतून ताट घेऊन आली.

बघताक्षणी मला कळलं. लाडवांचा रंग गडद, अंग खडबडीत, एकही दुसऱ्यासारखा नाही. पाक पुढे गेला होता. आणि घाबरून, गार होत आलेल्या कढईतून, खरवडून खरवडून वळलेले होते. तिच्या उजव्या तळव्यावर दोन फोड होते, तेही दिसले.

शेजारची एक बाई, गोरीशी, बोलकी, ताटात वाकून म्हणाली, "अगं कल्पिता, घरी केलेस? कडक दिसतायत. बत्ता आण हो कुणीतरी!" आणि सगळ्या हसल्या. अगदी तशाच. चार वर्षांपूर्वी हसल्या होत्या तशा.

कल्पिता हसली नाही. ताट घेऊन ती माझ्यापाशी आली, वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, आणलेत ना तुम्ही? काढा तेच. हे राहू देत."

चार वर्षं मला काय ऐकायचं होतं? हेच की. तुमच्याशिवाय होत नाही, असंच काहीतरी. आणि ते ऐकल्यावर, आईशप्पथ, मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची मान खाली होती. दोन किलो लाडू चपलांच्या रॅकमागे होते, एकसारखे, मऊसूत, तोंडात टाकताच विरघळणारे. उठून आणायचे, बस. सगळ्या वाहवा म्हणाल्या असत्या.

"नाही आणले," मी म्हटलं. मोठ्याने. "तूच म्हणालीस ना, आणू नका. मला आधी दे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला. गेल्या एकोणीस वर्षांत हा हात असा, उताणा, कुणापुढे धरलाच नव्हता. तिने एक लाडू उचलून त्यावर ठेवला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

मी अख्खा लाडू तोंडात टाकला. बाप रे! दाढेखाली धरला तर दाढच सरकली असं वाटलं. चावत नाही, फुटत नाही. गालात धरून मी उठले, तिच्या हातातून ताट घेतलं आणि त्या बोलक्या बाईपुढे उभी राहिले.

"घ्या," मी म्हटलं. तोंड भरलेलं, शब्द धड फुटेना. "माझ्या सुनेने केलेत. कडक आहेत. चघळा, घाई कशाला? गोड बोला."

बाईने मुकाट्याने घेतला. मग पुढची, मग तिच्या पुढची. निशिगंधा म्हणाली, "काकू, तुमचे नाही का आणले? सुदेश म्हणतो, डोंबिवलीत तुमचेच चालतात."

"यंदा मी आणले नाहीत," मी म्हटलं. धडधडीत खोटं, ते सुद्धा तिळगूळ तोंडात असताना. "यंदा मी खायला आलेय."

खोलीभर बायका गाल फुगवून चघळत होत्या. कुणाला बोलता येईना. एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि कल्पिता दाराच्या चौकटीला टेकून तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

सगळ्या गेल्यावर ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. सान्वी माझ्या मांडीवर झोपली होती, हारातला हलवा खाऊन खाऊन हार अर्धा राहिला होता.

"पाक पुढे गेला ना?" कल्पिताने विचारलं.

"गेला."

"पाण्यात टाकून बघितला होता मी. गोळी झाली होती."

"वाजली का वाटीवर?"

"हो. मला वाटलं वाजायला हवी."

"वाजायला लागली की उशीर झाला," मी म्हटलं. आणि मग जे बोलायचं होतं ते बोलले, नाहीतर पुन्हा वर्ष गेलं असतं. "तेव्हा मी चुकले गं. पहिली संक्रांत होती तुझी. कडक असो, कसा असो, तुझ्या हातचा लाडू तूच वाटायचा होता. मी ताट घ्यायला नको होतं."

ती बोटाने फरशीवरचे कुरमुरे गोळा करत राहिली.

"मी दर वर्षी करून बघायचे," ती म्हणाली. "दर वर्षी कडकच. मग फेकून द्यायचे. डब्यात काय घालणार होते मी? तुमच्या डब्यात बाजारचे घालायचे?"

तीन रिकामे डबे मी फळीवर अपमान म्हणून मांडून ठेवले होते.

निघायची वेळ झाली. ती ओट्याकडून म्हणाली, "बाबांना थोडे बांधून देते. डबा आहे का तुमच्याकडे?"

आता आली का पंचाईत! मी चपलांच्या रॅकमागून पिशवी ओढली, कडीचा डबा काढला आणि तिच्यापुढे धरला. जड होता. तिने झाकण उघडलं. आतले माझे लाडू बघितले आणि मग मला बघितलं.

"नाही आणले म्हणालात," ती म्हणाली.

"आधी हे एका पातेल्यात काढ," मी म्हटलं. "डबा रिकामा कर. मग तुझे भर. पुरेसे भर, बायजालाही द्यायचेत. दात नाहीत तिला, पण चघळेल."

तिने ओट्यावर माझे लाडू एकेक करून काढले. मग तिचे भरले. स्टीलच्या डब्यात पडताना ते खडखडत होते. झाकण लावून तिने कडी घातली आणि डबा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

बसमध्ये तो मी मांडीवर धरून बसले. पाय दुखत होते, पाठ दुखत होती, रथसप्तमीपर्यंतच्या ऑर्डरी डोक्यावर होत्याच. घरी आले तर हे जागे होते. "काय दिलं सुनेने?" म्हणाले. मी एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चावायला घेतला, थांबले, काढून दिव्याखाली धरून बघितला.

"हा तुझा नव्हे," ते म्हणाले.

"नव्हे," मी म्हटलं, आणि दुसरा माझ्या तोंडात टाकला.